प्लेस्टेशन ५ साठी टीव्हीचा गेम मोड: लॅग घालवायचा, चित्र बिघडवायचं नाही

नवा कन्सोल जोडलात, फुटबॉलचा गेम लावलात आणि पासचं बटण दाबल्यावर खेळाडूचा पाय जरा उशिराच हलतोय असं वाटलं, तर संशय आधी टीव्हीवर घ्या. कारखान्यातून टीव्ही ज्या मोडवर लावून येतो तो मालिका, क्रिकेट आणि सिनेमा बघण्यासाठी बेतलेला असतो. आलेलं चित्र पडद्यावर दाखवण्याआधी टीव्ही त्यावर बरंच काम करतो आणि त्या कामाला वेळ लागतो. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंतच्या वेळात टीव्हीचा जो वाटा असतो, त्याला इनपुट लॅग म्हणतात.

यावर गेम मोड हा उपाय असतो, हे बहुतेकांना माहीत असतं. अडचण पुढे येते. गेम मोड लावला की खेळ चपळ होतो, पण चित्र निळसर, थंड आणि कडक दिसायला लागतं. गवताचा हिरवा बोचरा होतो, चेहरे पांढुरके पडतात, अंधाऱ्या जागा राखाडी दिसतात. मग ‘एवढं सुंदर चित्र असलेला टीव्ही घेतला तो काय यासाठी?’ असं म्हणून माणूस पुन्हा जुन्या मोडवर जातो आणि लॅग सहन करत खेळत राहतो. ही तडजोड करण्याची काहीच गरज नाही. गेम मोडमध्ये चित्र बिघडतं ते बहुतांशी त्या मोडच्या कारखान्यातल्या आकड्यांमुळे, आणि ते आकडे बदलले म्हणून लॅग वाढत नाही.

या लेखातलं उदाहरण प्लेस्टेशन ५ आणि एलजीच्या सी मालिकेतला ओलेड टीव्ही या जोडीचं आहे, कारण या टीव्हीत लागणाऱ्या सगळ्या सोयी आहेत आणि त्यांची नावंही स्पष्ट आहेत. तुमचा टीव्ही सोनीचा, सॅमसंगचा किंवा ६० हर्ट्झचा साधा ४३ इंची असला, तरी क्रम हाच राहतो. जिथे नावं वेगळी आहेत तिथे ती सांगेन.

वेळ नेमका कुठे जातो

सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम पडद्यावर सुमारे १६.७ मिलिसेकंद असते. १२० फ्रेमच्या गेममध्ये ८.३ मिलिसेकंद. सी मालिकेतल्या टीव्हीचा गेम मोडमधला लॅग ६० हर्ट्झला साधारण १० ते १३ मिलिसेकंद आणि १२० हर्ट्झला ५-६ मिलिसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे एका फ्रेमपेक्षाही कमी. नेहमीच्या मोडमध्ये मात्र अनेक टीव्ही ५० ते १०० मिलिसेकंद घेतात, काही त्याहून जास्त. तीन ते सहा फ्रेमचा हा उशीर. धावणाऱ्या खेळाडूला पास देताना किंवा मुठीचा वार चुकवताना तो हाताला लगेच कळतो.

या उशिरातला मोठा भाग हालचाल गुळगुळीत करणाऱ्या प्रक्रियेचा असतो. एलजीत तिचं नाव TruMotion, सोनीत Motionflow, आणि आपल्याकडच्या जाहिरातींत ती एमईएमसी या नावाने मिरवते. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतः बनवलेली एक फ्रेम घालते. मधली फ्रेम बनवायची तर आधीची आणि नंतरची अशा दोन्ही फ्रेम हाताशी हव्यात. म्हणून टीव्हीला नंतरची फ्रेम येईपर्यंत थांबावंच लागतं. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी ही वाट पाहणं टळत नाही. चित्रातली खरखर काढणाऱ्या प्रक्रियाही बरेचदा मागच्या-पुढच्या फ्रेम ताडून पाहतात, त्यामुळे त्याही वेळ खातात.

आता दुसरी बाजू पाहा. रंगाचं तापमान, गॅमा, कॉन्ट्रास्ट, ब्राइटनेस, रंगाची गडदता या सेटिंगना शेजारच्या फ्रेमशी काही देणंघेणं नसतं. एका ठिपक्याची किंमत आली, तिच्या जागी दुसरी किंमत लावली, काम झालं. हे टीव्हीत गेम मोडमध्येही चालूच असतं; फक्त आकडे वेगळे असतात. म्हणून निळसर चित्र उबदार केल्याने लॅगमध्ये जाणवेल असा फरक पडत नाही. हा भेद एकदा लक्षात आला की कुठल्याही टीव्हीच्या मेनूत हात घालायची भीती राहत नाही: फ्रेमची वाट बघायला लावणारं सगळं गेम मोड स्वतःच बंद करतो, आणि रंग-उजेड आपण हाताने सिनेमाच्या मोडसारखा लावून घ्यायचा.

आधी पोर्ट आणि केबल

मेनूत शिरण्यापूर्वी टीव्हीच्या मागे जा. एलजी सी मालिकेत चारही एचडीएमआय पोर्ट फोर-के १२० हर्ट्झ घेतात, त्यामुळे कुठलाही चालतो. पण बऱ्याच टीव्हींत चारांपैकी दोनच पोर्ट त्या दर्जाचे असतात. सोनीच्या अनेक संचांत ते ३ आणि ४ क्रमांकाचे आहेत, आणि साउंडबारला आवाज पाठवणाऱ्या ईआर्क या सोयीसाठीही त्यातला ३ क्रमांकाचाच पोर्ट आहे. म्हणजे साउंडबार ३ वर असेल तर कन्सोल ४ वर लावायचा. पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, मोबाइलचा टॉर्च लावून वाचा.

कन्सोल थेट टीव्हीला जोडा, साउंडबारमधून फिरवून नेऊ नका. पुष्कळ साउंडबार १२० हर्ट्झ किंवा बदलत्या रिफ्रेश रेटचा सिग्नल पुढे जाऊच देत नाहीत. आवाज टीव्हीकडून ईआर्कने साउंडबारला पाठवता येतो. केबल मात्र प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेलीच वापरा. ती या कामासाठीच दिलेली असते. ड्रॉवरमधली जुनी सेट-टॉप बॉक्सची केबल लावली तर चित्र दिसेल, पण मध्येच क्षणभर काळं होणं किंवा १२० हर्ट्झचा पर्यायच न मिळणं असे प्रकार सुरू होतात.

त्यानंतर टीव्हीला सांगावं लागतं की या पोर्टवर मोठा सिग्नल येणार आहे. एलजीत हे सेटिंग HDMI Deep Colour नावाने मिळतं, सॅमसंगमध्ये Input Signal Plus, आणि सोनीत HDMI signal format मध्ये जाऊन Enhanced format निवडायचा. प्रत्येक पोर्टला ते वेगळं असतं, म्हणून कन्सोल ज्या पोर्टवर आहे त्याचंच चालू करा. हे राहून गेलं तर कन्सोल एचडीआर, म्हणजे उजेड आणि रंगांचा जास्त मोठा पल्ला असलेलं चित्र, दाखवतच नाही आणि माणूस उगीच कन्सोलच्या मेनूत दोष शोधत बसतो.

प्लेस्टेशनच्या मेनूत काय लावायचं

Settings मधून Screen and Video आणि तिथून Video Output मध्ये जा. रिझोल्यूशन Automatic ठेवा. 120 Hz Output सुद्धा Automatic ठेवा. टीव्ही ६० हर्ट्झचा असेल तर त्याने काही बिघडत नाही. ALLM हा पर्याय चालू करा. याचं काम एवढंच की गेम सुरू आहे हे कन्सोल टीव्हीला कळवतो आणि टीव्ही आपला आपण गेम मोडवर जातो.

HDR साठी तीन पर्याय दिसतील. त्यातला On When Supported निवडा. Always On निवडलं तर एचडीआर नसलेले गेम आणि कन्सोलचा मेनू हेही एचडीआरच्या सिग्नलमध्ये घातले जातात, आणि मग रंग कुठे बिघडले हे शोधणं अवघड होतं. ज्या गेममध्ये खरं एचडीआर आहे त्यालाच ते द्यावं.

RGB Range हा पर्याय Automatic वर राहू द्या आणि एलजीच्या बाजूला Black Level सुद्धा Auto ठेवा. हे दोन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. कन्सोल पूर्ण पल्ल्याचा सिग्नल पाठवतोय आणि टीव्ही तो मर्यादित पल्ल्याचा समजतोय असं झालं, तर सगळ्या सावल्या एकसारख्या काळ्याकुट्ट होतात. गुहेतली भिंत आणि गुहेचं तोंड वेगळं ओळखू येत नाही. उलट झालं तर काळ्याचा राखाडी होतो आणि सगळ्या चित्रावर धूर बसल्यासारखा दिसतो. गेम मोडला लोक जी नावं ठेवतात त्यातला बराच भाग खरं तर या न जुळलेल्या पल्ल्याचा असतो.

गेम मोड लावला, आता रंग

कन्सोलवर एचडीआर नसलेला एखादा गेम सुरू करा. हे महत्त्वाचं आहे. एलजीत, आणि इतर बहुतेक टीव्हींत, साध्या सिग्नलची आणि एचडीआर सिग्नलची सेटिंग वेगवेगळी साठवली जातात. त्या क्षणी जो सिग्नल येत असेल त्याचीच सेटिंग तुम्ही बदलत असता. म्हणून हा सगळा खटाटोप दोनदा करायचा आहे: एकदा साध्या गेमवर, एकदा एचडीआरच्या गेमवर.

रिमोटवरून चित्राच्या मोडचं नाव बघा. तिथे Game Optimizer दिसायला हवं. एएलएलएममुळे ते आपोआप झालेलं असेल. नसेल तर हाताने निवडा. मग पहिलं आणि सगळ्यात मोठा फरक करणारं सेटिंग: रंगाचं तापमान. चित्राच्या प्रगत सेटिंगमध्ये रंगाच्या भागात White Balance खाली ते सापडतं. सरकपट्टी उबदार टोकाला, म्हणजे Warm 50 वर न्या. एलजीचा Filmmaker Mode याच आकड्यावर चालतो, कारण सिनेमा आणि गेम ज्या पांढऱ्या रंगावर तयार केले जातात त्याच्या तो सर्वांत जवळ असतो. सॅमसंगमध्ये हे Warm2 आणि सोनीत Expert 1 या नावाने मिळेल.

पहिल्यांदा बघताना पडदा पिवळट वाटेल. डोळे इतके दिवस निळसर पांढऱ्याला सरावलेले असतात, म्हणून असं होतं. लगेच मागे फिरू नका. दोन-तीन संध्याकाळी याच सेटिंगवर खेळा आणि मग क्षणभर जुन्या थंड आकड्यावर जाऊन बघा. मातीचा रंग, त्वचेचा रंग आणि संध्याकाळचं आभाळ आधी किती खोटं दिसत होतं ते तेव्हा कळतं. तरीही टोकाचा आकडा नकोसाच वाटला तर मध्यावर कुठेतरी थांबा. लॅगचा त्याच्याशी संबंध नाही, निवड पूर्ण तुमची आहे.

त्यानंतर शार्पनेस. गेम मोड आणि नेहमीचा मोड दोन्हींत हा बरेचदा वर नेऊन ठेवलेला असतो. तो वाढवला की वस्तूंच्या कडेला पांढरी रेघ उमटते. कन्सोलचं चित्र मुळात धारदार असतं, त्याला याची गरज नाही. एलजीवर तो ० ते १० च्या दरम्यान आणा. पडद्यावरची बारीक अक्षरं बघत तो कमी करत जा आणि अक्षरांच्या भोवतीची ती रेघ गेली की थांबा.

उजेडासाठी OLED Pixel Brightness हा एकच आकडा हलवायचा. त्याने फक्त पडद्याची चमक कमी-जास्त होते, रंगाचा तोल बदलत नाही. दुपारी खिडकीतून ऊन येणाऱ्या हॉलमध्ये तो वर न्या, रात्री दिवे मालवून खेळताना खाली आणा. Screen Brightness नावाचं दुसरं सेटिंग मात्र ५० वरच राहू द्या. नाव तसं असलं तरी ते काळ्याची पातळी हलवतं आणि वाढवलं की ओलेडचा गडद काळा जातो. कॉन्ट्रास्ट कारखान्याच्या आकड्यावरच ठीक आहे. गॅमा उजेडाच्या खोलीत 2.2 आणि अंधाऱ्या खोलीत BT.1886. आपोआप कॉन्ट्रास्ट वाढवणारं Auto Dynamic Contrast बंद करा, नाहीतर दृश्य बदलेल तसं चित्र वर-खाली होत राहतं.

Game Optimizer च्या स्वतःच्या मेनूत गेमचे प्रकारही दिलेले असतात: FPS, RPG, Sports वगैरे. नवख्यांना वाटतं की आपल्या गेमचा प्रकार निवडायलाच हवा. तसं नाही. हे प्रकार लॅग कमी करत नाहीत, फक्त सावल्या आणि रंग हलवतात. उदाहरणार्थ बंदुकीच्या गेमसाठीचा प्रकार अंधार उजळवतो, म्हणजे कोपऱ्यात लपलेला शत्रू दिसावा. स्पर्धेत खेळणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, पण गेम बनवणाऱ्यांनी रचलेला अंधार त्यात मरतो. Standard निवडा आणि Black Stabilizer त्याच्या १० या मूळ आकड्यावर ठेवा.

शेवटी वीज वाचवणारं Energy Saving Step बंद आहे का ते बघा. हे सेटिंग चित्राच्या मेनूबाहेर असतं, म्हणून सहज सुटतं, आणि चालू असेल तर वर कितीही आकडे बदला, पडदा मंदच राहतो. खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारं AI Brightness सुद्धा बंद असू द्या.

एचडीआरमध्ये एक काम जास्त

आता एचडीआर असलेला गेम सुरू करा. टीव्हीच्या कोपऱ्यात क्षणभर HDR असं चिन्ह येईल. रंगाचं तापमान आणि शार्पनेस वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा लावा. चमक आणि कॉन्ट्रास्ट मात्र इथे पूर्ण वर असतात, ते तसेच ठेवा, आणि Peak Brightness हे High वर ठेवा.

जास्तीचं काम आहे ते टोन मॅपिंगचं. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात. गेममधला सूर्य कदाचित कित्येक हजार निट्सचा असेल, पण सी २ सारखा पडदा छोट्या जागेत साधारण ८०० निट्सपर्यंतच जातो. मग त्या जास्तीच्या उजेडाला कुठेतरी दाबून बसवावं लागतं. गेम स्वतः एकदा दाबतो, आणि टीव्ही Dynamic Tone Mapping चालू असेल तर त्याच्यावर पुन्हा आपल्या मनाने करतो. दोनदा झालेल्या या कामातून ढगांचे पोत जातात, बर्फाचा पांढरा सपाट ठिगळासारखा दिसतो, आणि मधले रंग गरजेपेक्षा उजळ होतात.

हाच गोंधळ मिटवण्यासाठी सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि टीव्ही बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एचजीआयजी नावाचा गट केला. एलजीत Dynamic Tone Mapping च्या तीन पर्यायांत On, Off यांच्यासोबत HGiG हा पर्याय असतो तो याच गटाच्या नावाचा. तो निवडला की टीव्ही आपल्या क्षमतेपर्यंत उजेड जसाच्या तसा दाखवतो आणि त्यापलीकडे काही करत नाही. दाबायचं काम मग एकटा गेम करतो. फक्त त्याला पडद्याची कमाल क्षमता माहीत असायला हवी. ती सांगण्याची जागा प्लेस्टेशनमध्ये आहे.

म्हणून क्रम चुकवू नका: आधी टीव्हीवर HGiG, मग कन्सोलवर Screen and Video मध्ये जाऊन Adjust HDR. तीन पडदे येतील. पहिल्या दोन पडद्यांवर उजळ चौकटीत एक खूण दिसते. ती खूण नुकतीच दिसेनाशी होईल तिथपर्यंत उजेड वाढवायचा आणि तिथेच थांबायचं. त्यापुढे गेलात तर टीव्हीला न पेलणारा उजेड गेम पाठवत राहील आणि ढगांचे पोत पुन्हा जातील. तिसरा पडदा काळ्याचा आहे. ओलेडवर तो सगळ्यात खालच्या टोकाला नेऊन ठेवा, कारण या पडद्याचा काळा खराखुरा काळा असतो. पुढे कधी HGiG बदलून दुसरा पर्याय लावलात, तर हे तीनही पडदे नव्याने लावावे लागतात.

काही गेम हे आकडे कन्सोलकडून घेतात, काही स्वतःच्या मेनूत वेगळी सरकपट्टी देतात. गेमच्या मेनूत कमाल उजेड निट्समध्ये विचारला असेल तर सी २ साठी ८०० च्या जवळचा आकडा द्या. तुमच्या टीव्हीत एचजीआयजीचा पर्याय नसेल तर डायनॅमिक टोन मॅपिंग बंद करून हेच तीन पडदे लावा. चित्र बरंच जवळ येतं. दिवसाउजेडी हॉलमध्ये खेळताना एचजीआयजीचं चित्र मंद वाटू शकतं. तेव्हा Dynamic Tone Mapping चालू केलं तरी चालेल. ढगांमधलं थोडं जाईल, पण निदान अंधारातला जिना दिसेल.

व्हीआरआर आणि बूस्ट

व्हीआरआर म्हणजे गेमची फ्रेम तयार होईल तेव्हा पडदा ताजा करणं. फ्रेमचा वेग ६० वरून ५२-५५ वर घसरतो तेव्हा जे अडखळणं दिसतं ते यात विरून जातं. प्लेस्टेशन ५ मध्ये ही सोय एप्रिल २०२२ मध्ये आली आणि ती ४८ ते १२० हर्ट्झच्या पल्ल्यात चालते. कन्सोलच्या Video Output मध्ये VRR चालू करा आणि एलजीच्या Game Optimizer मध्येही तो पर्याय चालू आहे का बघा.

याचे दोन तोटे माहीत असू द्या. ओलेडवर फ्रेमचा वेग भरभर बदलत असेल तर काळ्याच्या जवळच्या राखाडी भागात चमकणं दिसतं, विशेषतः लोडिंगच्या पडद्यावर. आणि मागून प्रकाश देणाऱ्या काही एलईडी संचांत व्हीआरआर चालू केलं की अंधाऱ्या जागांमागचा प्रकाश कमी करणारं लोकल डिमिंग बंद पडतं, म्हणजे काळ्याचा राखाडी होतो. खेळत असलेला गेम पक्क्या ६० फ्रेमवर चालत असेल तर व्हीआरआर बंद ठेवल्याने काहीच गमवावं लागत नाही.

उलट ते बंद असताना एलजीत Prevent Input Delay मधला Boost पर्याय मोकळा होतो. ६० हर्ट्झचा सिग्नल असताना तो पडदा आतून १२० हर्ट्झवर चालवतो आणि आणखी काही मिलिसेकंद वाचवतो. मारामारीचे गेम खेळणाऱ्याने तो जरूर लावावा. सिग्नल १२० हर्ट्झचा किंवा व्हीआरआरचा असेल तेव्हा हा पर्याय फिकट दिसतो आणि निवडता येत नाही. टीव्ही बिघडलाय असं समजू नका.

३० फ्रेमचा गेम अडखळतो तेव्हा

गेम मोड लावल्यावर येणारी एक तक्रार मात्र सेटिंग बदलून जात नाही. सेकंदाला ३० फ्रेमचा गेम ओलेडवर कॅमेरा फिरवताना झटके देत सरकल्यासारखा दिसतो. ओलेडचे ठिपके इतक्या झटकन बदलतात की प्रत्येक फ्रेम ३३ मिलिसेकंद स्थिर उभी राहते आणि मग एकदम पुढची येते. आधी TruMotion मधल्या बनवलेल्या फ्रेम घालून हे झाकत होतं. आता ते बंद आहे, म्हणून उघडं पडलं.

इथे ती प्रक्रिया परत चालू करण्याचा मोह टाळा, त्याने सगळा लॅग परत येतो. त्याऐवजी गेमच्या मेनूत Performance नावाचा पर्याय शोधा. त्यात रिझोल्यूशन थोडं कमी होतं पण फ्रेम ६० होतात. प्रत्येक गेममध्ये हे करत बसायचं नसेल तर कन्सोलच्या Settings मध्ये Saved Data and Game/App Settings खाली Game Presets आहे, तिथे Performance Mode एकदाच निवडून ठेवा. फ्रेम दुप्पट झाल्या की लॅगही कमी होतो, कारण तुमचं बटण गेममध्ये पोहोचायला पुढच्या फ्रेमची कमी वाट बघावी लागते. सॅमसंगच्या काही टीव्हींत Game Motion Plus असतं, जे गेम मोडमध्येच हालचाल गुळगुळीत करतं. त्याचा लॅग नेहमीच्या मोडपेक्षा कमी पण निव्वळ गेम मोडपेक्षा जास्त असतो. सावकाश चालणाऱ्या, कथेच्या गेमला ते चालून जाईल, नेमबाजीला नको.

झालं की नाही, ते मोजायचं कसं

हाताला वाटतं त्यावर विसंबण्यापेक्षा मोबाइलने मोजा. हल्लीच्या बऱ्याच फोनच्या स्लो-मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम टिपता येतात. म्हणजे मोबाइलची एक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. कंट्रोलर टीव्हीसमोर असा धरा की अंगठा आणि पडदा दोन्ही कॅमेऱ्यात यावेत. जिथे बटण दाबताच पात्र उडी मारतं असा गेम निवडा, आणि सात-आठ वेळा उडी मारून चित्रीकरण करा. मग गॅलरीत एक-एक फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण दाबलं गेल्यापासून पात्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि सरासरी काढा.

समजा नेहमीच्या मोडमध्ये सरासरी ४६ फ्रेम आल्या. ४६ गुणिले ४.२ म्हणजे जवळपास १९३ मिलिसेकंद. गेम मोडमध्ये २६ आल्या, म्हणजे सुमारे १०९. हे १०९ बघून घाबरू नका. त्यात कंट्रोलर, गेमचं स्वतःचं गणित आणि पात्राच्या उडीची सुरुवात हे सगळं धरलेलं आहे, आणि ते दोन्ही वेळा सारखंच होतं. टीव्हीने वाचवलेला वेळ म्हणजे दोन्हींतला फरक: २० फ्रेम, साधारण ८४ मिलिसेकंद. ६० फ्रेमच्या गेममधल्या जवळजवळ पाच फ्रेम.

आता हीच चाचणी तिसऱ्यांदा घ्या, रंगाचं तापमान, शार्पनेस, गॅमा हे सगळं बदलल्यानंतर. आकडा २६ च्या आसपासच येईल; एखादी फ्रेम इकडे-तिकडे झाली तर ती मोजण्यातली तफावत समजा. तो ३५-४० वर गेला, तर तुम्ही नकळत गेम मोडमधून बाहेर पडला आहात. मोडचं नाव पुन्हा बघा. बहुधा सिनेमा बघताना कुणीतरी त्या पोर्टचा मोड हाताने बदललेला असतो, किंवा कन्सोल दुसऱ्या पोर्टवर गेलेला असतो आणि त्या पोर्टवर जुनीच सेटिंग असतात.

आणि फरक मुळातच शून्य आला, दोन्ही मोडमध्ये सारख्याच फ्रेम, तर एएलएलएम तुमच्या नकळत दोन्ही वेळा गेम मोडच लावतंय. कन्सोलवर ते तात्पुरतं बंद करा, टीव्हीवर Standard निवडा आणि पहिली मोजणी पुन्हा घ्या.